ढोल थांबला की कडवं, ढोल वाजला की ध्रुपद

प्रश्न: आमची गल्ली तिवंध्याजवळची. यंदा मंडळाने ठरवलंय, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजे नाही. आपल्याच पोरांचे बारा ढोल, तीन ताशे आणि गल्लीचं स्वतःचं निरोपाचं गाणं. ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिलं कडवं असं झालं:

*नयनी अश्रू दाटुन आले, हृदय आमुचे फाटुन गेले*
*सागरलाटांवरती देवा, पाउल तुमचे हळुहळु चाले*

सासूबाई ऐकून रडल्या. पोरं मात्र म्हणतात, ‘वहिनी, ह्याच्यावर नाचायचं कसं?’ नाचण्याजोगं लिहायला गेले तर ते कुणाच्याही वरातीत खपेल असं होतंय. रडू आणि नाच एका गाण्यात बसवायचे कसे?
— एक वहिनी, जुनं नाशिक

उत्तर: वहिनी, तुमच्या मात्रा चोख आहेत, सोळा-सोळा, कुठे घसरलेल्या नाहीत. पण सासूबाई तुमच्या ओळींमुळे रडल्या असं काही मला वाटत नाही. बाप्पा जाणार म्हटल्यावर त्यांना कुठल्याही ओळीवर रडू आलं असतं. या दोन ओळींत तुमच्या गल्लीतलं काय आहे ते बघा. नयन, अश्रू, हृदय हे कुणाचंही असतं. आणि सागर? नाशकात सागर कुठून आणलात? निरोपाच्या गाण्यांत दर्या, लाटा, होडी हे सगळं मुंबई-कोकणाकडून आपल्या तोंडात बसलंय. तिथल्या लोकांना ते डोळ्यांसमोर दिसतं. तुमची मिरवणूक सराफ बाजार, भांडी बाजार उतरून घाटावर जाणार. तिथे पायऱ्या आहेत, दुतोंड्या मारुती आहे, पावसाळ्यातलं गढूळ पाणी आहे. तेव्हा सागर आधी काढून टाका. अश्रूही काढा. गाण्यात ‘आम्ही रडतो’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला स्वतःहून रडायला जागाच उरत नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. रडू आणि नाच एकाच ओळीत कालवायला गेलात तर दोन्ही पातळ होतात. त्यांच्या जागा वेगळ्या करा. ध्रुपद सगळ्या गल्लीचं, चालता चालता, ढोलासकट म्हणायचं. कडवं एकटीने म्हणायचं आणि ते म्हणताना मिरवणूक उभी राहील, ढोल गप्प राहतील. म्हणजे नाच ध्रुपदात गेला आणि जीव कडव्यात. तेवढ्याने निम्मी अडचण सुटते, कारण कडवं नाचण्याजोगं असायला हवं ही अटच राहत नाही.

एक उलटी वाटणारी गोष्टही सांगते. परत येण्याची गोष्ट ध्रुपदात ठेवायची आणि जाण्याची कडव्यात. आपल्या उत्तरपूजेतच हे आहे. अक्षता वाहताना गुरुजी ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून सुरू करतात आणि श्लोक संपवतात ‘पुनरागमनाय च’ असा. देवाला निघायला सांगतानाच परतीचं बोलून ठेवलेलं असतं. रस्त्यावरची घोषणाही ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हीच. मग जे शंभर गळे मिळून दर मिनिटाला म्हणणार आहेत, ते येण्याचंच असलेलं बरं. आपल्याकडे निघालेल्या पाहुण्यालाही कुणी तोंडावर ‘जा’ म्हणत नाही, ‘बरं, या मग’ म्हणतात. ध्रुपद त्याच ‘या’वर उभं करू.

सोळा मात्रांचं, आठ-आठ तोडीचं तुमचं माप ठेवून मी आधी असं मांडलं:

*या हो बाप्पा, जपून या हो*
*दार उघडंच, लवकर या हो*

घरात टाळी धरून म्हणा, छान वाटतं. रस्त्यावर मात्र हे चालणार नाही. दोन्ही ओळी काठोकाठ भरल्या आहेत, आठ अधिक आठ, मध्ये कुठेही मोकळी मात्रा नाही. नाचणारा माणूस श्वास घेणार कुठे? आणि ढोल वाजणार कुठे? तो शब्दांच्या डोक्यावरच वाजेल. बारा ढोलांखाली माणसाचा आवाज ऐकू येत नाही, ओरडलात तरी नाही. तेव्हा ढोलाशी भांडण्यापेक्षा त्याला त्याची जागा काढून द्यायची. शेवटचे दोन्ही ‘हो’ उडवा:

*या हो बाप्पा, जपून या ऽऽ*
*दार उघडंच, लवकर या ऽऽ*

आता प्रत्येक ओळीत चौदा मात्रा गायच्या आणि दोन मोकळ्या. त्या दोन मात्रांत ढोलाचे जाड ठोके पडतात आणि माणसं श्वास घेतात. ‘या’ हे आकारान्त अक्षर आहे. तोंड उघडं राहतं, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. ‘ई’वर संपणारी ओळ गर्दीत बारीक होते आणि व्यंजनावर संपणारी तर तुटूनच जाते. म्हणून ध्रुपदाची शेवटची अक्षरं निवडताना अर्थाआधी तोंड किती उघडतं ते बघायचं. दुसरी ओळ ‘लवकर या’वर संपते, तिथून कुणीही न सांगता ‘गणपती बाप्पा मोरया’ उसळतं. ते उसळू द्या. घोषणा गाण्याच्या मध्ये आली म्हणून गाणं बिघडत नाही, उलट लोकांना गाणं आपलं वाटायला लागतं.

‘दार उघडंच’ हा शब्द मुद्दाम बोलीतला घेतलाय. ‘द्वार उघडे’ असं लिहिलंत तर गल्लीतली पोरं दुसऱ्या फेरीत त्याचं काहीतरी वेगळंच करतील. आणि बाप्पाला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हे आत्ताच ठरवून टाका. घरात आपण त्याला बिनदिक्कत ‘तू’ म्हणतो, तुमच्या ओळींत मात्र ‘तुमचे’ आहे. रस्त्यावरची घोषणा ‘या’ म्हणते, म्हणून गाण्यात सगळीकडे ‘तुम्ही’च ठेवा. एका कडव्यात ‘ये’ आणि पुढच्यात ‘या’ झालं की शंभर माणसं दोन गटांत गायला लागतात, आणि ते ऐकवत नाही.

आता कडवी. तीन पुरेत. इथे तुमचं सोळा मात्रांचं पूर्ण माप ठेवा. ढोल थांबलेला असतो, एकच गळा असतो, मोकळ्या मात्रांची गरज नसते. आत काय घालायचं ते तुमच्या घरात आहे. बाप्पा निघायच्या आधी तुम्ही दहीपोहे करून शिदोरी बांधता ना? देवाला वाटेत भूक लागेल म्हणून एक बाई पोह्यांना दही लावते, फडक्याची गाठ मारते. यापेक्षा हळवं अजून काय लिहिणार! आणि त्याच वेळी गल्लीतल्या पोरी दारासमोर हात धरून उभ्या राहतात, सोडणार नाही म्हणून. तर:

*दहिपोह्यांची घ्या हि शिदोरी*
*वाट अडवून उभ्यात पोरी*

‘दही’ आणि ‘ही’ दोन्ही ऱ्हस्व केलेत, मात्रेसाठी. गाण्यात ते खपतं, कारण गाताना तो स्वर तसाही आखूडच येतो. पहिली ओळ आईची आहे, दुसरी थट्टेची. कडवं रडक्या बाजूला कलू लागलं की दुसऱ्या ओळीने त्याला सावरायचं. ‘उभ्यात’ ऐवजी ‘उभ्या हो’ करून बघा, एक मात्रा वाढते आणि ‘पोरी’ उशिरा येते. टाळी धरली की लगेच कळतं.

दुसरं कडवं पूर्ण हसरं ठेवा. ते बाजारातून जाताना म्हणायचं, जिथे बघे जास्त असतात आणि पोरं तापलेली असतात:

*बसलाय घसा, तरी गाउया*
*हिशोब उद्या, आज नाचुया*

वर्गणीचा हिशोब कुणाकडे आहे ते गल्लीला माहीत असतं. ‘हिशोब’ म्हणताना सगळे त्याच्याकडे बघतील आणि तो हात जोडेल. एखादा शब्द असा असावा की तो फक्त तुमच्याच गल्लीला कळेल. ‘कुणाच्याही वरातीत खपेल’ ही तुमची तक्रार अशा एका शब्दाने मिटते. मात्र त्या माणसाचं नाव गाण्यात घालू नका. पुढच्या वर्षी खजिनदार बदलतो आणि गाणं जुनं होतं.

तिसरं कडवं घाटावर, पायऱ्यांच्या तोंडाशी. घरचा गणपती पोचवून आलो की पाटावर मूठभर वाळू घेऊन येतो ती रीत तुमच्याकडेही असेल. रिकामा पाट घरी नेत नाहीत.

*गंगेवरली वाळू मुठभर*
*तेवढीच हो पुरवु वर्षभर*

‘गंगा’ असंच ठेवा. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि घाटावर जायचं तर ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतो. बाहेरच्याला क्षणभर अडेल, अडू द्या, गाणं त्याच्यासाठी नाही. ‘पुरवु’ हा शब्द बाईमाणसाच्या तोंडचा आहे. डब्यातलं तूप महिनाअखेरपर्यंत पुरवतात तसं इथे वाळू पुरवायची आहे. या कडव्यात रडू येतं, आणि त्यात रडण्याचा एकही शब्द नाही. ओळी ‘र’वर संपतात, म्हणजे बंद अक्षरावर. ध्रुपदात मी हे चालू दिलं नसतं, इथे चालतं. एकटा गळा आहे, भोवती शांतता आहे आणि ‘वर्षभर’ नंतर आवाज तुटलेलाच बरा. आता रामकुंडाच्या आसपास बरंच काँक्रीट आहे, तरी पुराने आणलेली वाळू पायऱ्यांच्या कोपऱ्यांत सापडते. ओळ खोटी पडायची नाही.

मूर्ती पाण्यात उतरतानाचं वर्णन मात्र कुठल्याच कडव्यात नको. तुमचं मंडळ मूर्ती नदीत नेईल, महापालिकेच्या कृत्रिम तलावात नेईल की संकलन केंद्रावर देईल, हे वर्षागणिक बदलू शकतं. ‘लाटांवरती पाऊल’ गायलात आणि समोर टाकी असली तर पोरं हसतील. शिवाय शेवटची आरती घाटावर होते. गाणं आरतीच्या आधी संपायला हवं. आरती सुरू झाल्यावर गाण्याने मध्ये यायचं नसतं.

चाल लावताना एकच पथ्य पाळा. एखाद्या गाजलेल्या सिनेगीतावर शब्द बसवू नका. त्याने काम सोपं होतं, पण गर्दी दुसऱ्या ओळीला मूळ गाण्याचे शब्द म्हणायला लागते आणि तुमची शिदोरी वाया जाते. ध्रुपदाची चाल पाच सुरांत ठेवा, सा ते प. पुरुष, बायका, पोरं सगळी एकाच पट्टीत गाणार आहेत. सूर जरा वर गेला की पुरुष किंचाळतात, खाली आला की बायकांचा आवाज गायब होतो. पेटीवर आधी सासूबाईंना आणि मंडळातल्या एखाद्या जाड आवाजाच्या पोराला एकत्र गायला बसवा. दोघांनाही मान न ताणता म्हणता येईल ती पट्टी धरा. कडव्याची चाल गाणारीच्या गळ्याप्रमाणे हवी तेवढी वर न्या.

लय केरव्याची, आठ मात्रांची. म्हणजे अर्धी ओळ एका आवर्तनात बसते. सावकाश चालीला एक आवर्तन तीन सेकंदांच्या आसपास जातं. या हिशोबाने ध्रुपद दोनदा म्हणायला साधारण चोवीस सेकंद, कडव्याला बारा. तिन्ही कडवी सलग गायलीत तर सगळं गाणं सव्वादोन मिनिटांत संपेल, आणि मिरवणूक तर काही तास चालते. म्हणून सलग गाऊच नका. पहिलं कडवं गल्लीच्या तोंडाशी, दुसरं बाजारात, तिसरं घाटावर. मधल्या वाटेवर नुसतं ध्रुपद आणि ढोल. प्रत्येक कडवं एकदाच ऐकू आलं तरच त्याला वजन राहतं.

रस्त्यावर दोन गोष्टी बिघडतात, त्या आधीच माहीत असू द्या. पहिली उताराची. भांडी बाजाराकडून खाली उतरताना पावलं आपोआप भरभर पडतात, ताशा त्यांच्यामागे पळतो आणि तुमच्या त्या दोन मोकळ्या मात्रा आक्रसून एक होते. मग माणसं ‘या’ अर्धवट तोडून पुढची ओळ पकडायला धावतात. हे होतंय का ते ओळखायची खूण म्हणजे ‘मोरया’ ओळीच्या मध्येच यायला लागतो. तसं झालं की ध्रुपद थांबवा, ढोलाला त्याचं वाजू द्या, सपाटी आली की पुन्हा धरा.

दुसरी लांबीची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मिरवणूक साठ मीटर लांब असली तर पुढचा सूर शेपटीला सेकंदाच्या साधारण सहाव्या भागाने उशिरा पोचतो. आपल्या लयीत ती अर्धी मात्रा झाली. शेपटी ऐकून गाते, म्हणजे तिचा आवाज पुढे परत येईपर्यंत एक मात्रा मागे पडलेला असतो. गर्दी बेताल आहे असं सगळे म्हणतात, पण पुष्कळदा ती गर्दीची चूक नसतेच. यावर उपाय असा, की ताशे पुढे न ठेवता मिरवणुकीच्या मध्यावर ठेवायचे. मग दोन्ही टोकांना उशीर निम्माच होतो. उरलेला त्या दोन मोकळ्या मात्रांत जिरतो.

तालमीला पेटी बाजूला ठेवा आणि चालत गा. गल्लीच्या एका टोकाला ढोल, दुसऱ्या टोकाला तुमच्यापैकी कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करत उभं राहायचं. ऐकताना सूर बघू नका, शब्द कळतात का ते बघा. ‘जपून’ ऐकू येत नसेल तर ढोल मोकळी मात्रा सोडून मध्ये वाजतोय. ‘शिदोरी’ ऐकू येत नसेल तर ढोल वेळेवर थांबलेला नाही. बहुतेक वेळा दुसरंच असतं. टिपरू हातात असलेलं पोर एकदम थांबत नाही, एखादा ठोका जास्तीचा टाकतंच.

म्हणून कडव्याआधीची खूण ढोलवाल्यांना न देता ताशेवाल्याला द्या. ढोल ताशाकडे बघून चालतो. ध्रुपदाची दुसरी फेरी सुरू झाली की गाणारीने हात वर करायचा, ताशाने ‘लवकर या’वर तर्री मारून तोडायचं, आणि ढोलांनी त्या तोडीवर शेवटचा एकच ठोका द्यायचा. कडवं संपल्यावर पहिला आवाज ताशाचा नको, माणसांचा हवा. ‘या हो बाप्पा’ हे चार-पाच जणांनी आधी उचलायचं, ‘जपून या’ म्हणता म्हणता ताशा शिरायचा आणि त्या पहिल्या मोकळ्या मात्रांवर बाराही ढोल एकदम. ही एवढी जोडणी बसायला वेळ लागतो, तेव्हा बाप्पा बसायच्या आधीपासूनच रोज संध्याकाळी थोडी करा, आणि कडवं म्हणणाऱ्या बाईला तालमीत ढोलाच्या अगदी शेजारी उभी करू नका. चतुर्दशीला तिचा गळा लागणार आहे.